व्याज खर्चात, लाभांश नफ्यात

लातूर आणि नांदेड येथील औद्योगिक वसाहतींमधल्या डाळ मिल, तेल गिरण्या, सरकी-जिनिंगचे कारखाने यांचे ताळेबंद बँकेच्या टेबलावर वर्षानुवर्षे पाहिले, तर एक गोष्ट डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. कंपनी खाजगी मर्यादित. भागभांडवल एक लाख रुपये, फार तर पाच लाख. त्याच्याच खाली ‘संचालक व नातेवाइकांकडून बिनतारणी कर्जे’ या ओळीसमोर मात्र दीड-दोन कोटींचा आकडा. पैसा एकाच घरातला, एकाच तिजोरीतून आलेला. पण त्यातला शंभरावा हिस्सा मालकी म्हणून आणि उरलेला सगळा उसनवारी म्हणून लिहिलेला. नव्याने रुजू झालेला अधिकारी विचारतो, ‘हे मालक स्वतःच्याच धंद्याला कर्ज का देतात?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आयकर कायद्यात आहे.

१९६१ च्या आयकर कायद्याचे छत्तिसावे कलम सांगते की धंद्यासाठी घेतलेल्या भांडवलावरील व्याज उत्पन्नातून वजा करता येते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. लाभांशासाठी अशी वजावट नाही. यामागची विचारसरणी जुनी आहे आणि ती समजण्यास कठीण नाही. सावकाराचे व्याज हे देणे आहे. नफा होवो वा तोटा, ते द्यावेच लागते. म्हणून वीजबिल, मजुरी यांच्या पंगतीत त्याचे पान. भागधारक हा मालक. सर्व देणी भागवून, कर भरून जे उरेल त्यातला काही भाग त्याने स्वतःकडे घेतला, तर तो खर्च नव्हे, नफ्याचे वाटप. आपल्या घरच्या दुकानाच्या गल्ल्यातून आपणच पैसे काढले, तर ते दुकानाच्या खर्चात कसे धरायचे?

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे; हिशेबाच्या दृष्टीने तो अर्धाच खरा आहे. मालकाने मिलमध्ये घातलेले दोन कोटी फुकट नसतात. तेच पैसे मुदतठेवीत ठेवले असते, दुसऱ्याला दिले असते, जमिनीत घातले असते, तर काही ना काही मोबदला मिळालाच असता. परक्याच्या पैशाची किंमत कायदा खर्च म्हणून मान्य करतो आणि मालकाच्या पैशाची किंमत मानीत नाही. पुढचा सगळा कल या एका भेदातून उगवतो.

आता आकडे मांडून पाहू. समजा, एका डाळ मिलला इमारत, यंत्रे आणि खेळते भांडवल मिळून चार कोटी रुपये लागतात आणि बऱ्या वर्षी व्याज व कर यांच्यापूर्वीचा नफा साठ लाख होतो. कंपनीने बावीस टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारला आहे. अधिभार व उपकर मिळून तो सुमारे २५.१७ टक्के पडतो. चारही कोटी भागभांडवल असेल, तर साठ लाखांवर सुमारे १५ लाख १० हजार कर जाईल आणि ४४ लाख ९० हजार उरतील. आता त्याच मिलमध्ये दोन कोटी भागभांडवल आणि दोन कोटी दहा टक्के दराचे कर्ज आहे असे धरा. वीस लाख व्याज आधी वजा झाले, करपात्र नफा चाळीस लाख राहिला, कर दहा लाख सात हजारांच्या आसपास. मालकांना उरले २९ लाख ९३ हजार आणि सावकाराला मिळाले वीस लाख. दोघांचे मिळून ४९ लाख ९३ हजार. यंत्रे तीच, तूर तीच, हमाल तेच. केवळ पैशावरची चिठ्ठी बदलली आणि सरकारकडे पाच लाख तीन हजार रुपये कमी गेले.

मालकाच्या नजरेने पाहिले तर हा मोह आणखी वाढतो. पहिल्या मांडणीत त्याच्या चार कोटींवर सव्वाअकरा टक्के परतावा, दुसऱ्या मांडणीत दोन कोटींवर जवळजवळ पंधरा टक्के. दहा टक्क्यांचे कर्ज कराची बचत धरून त्याला साडेसात टक्क्यांनाच पडते. मोडिग्लियानी आणि मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली दाखवून दिले होते की कर नसलेल्या आदर्श बाजारात कर्ज घ्या की भांडवल, उद्योगाच्या मूल्यात फरक पडत नाही. १९६३ साली त्यांनीच दुरुस्ती केली, की कर आला आणि व्याजाला वजावट मिळाली, की तराजू कर्जाकडे झुकतो.

घेणाऱ्याच्या हातात काय पडते, तेही पाहिले पाहिजे. कारण कर तिथे संपत नाही. कंपनीने शंभर रुपये कमावले आणि ते तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या एखाद्या व्यक्तीला व्याज म्हणून दिले, तर कंपनीत त्यावर कर नाही, व्यक्तीच्या हातात उपकरासह ३१.२ टक्के, उरले ६८ रुपये ८० पैसे. तेच शंभर रुपये लाभांश म्हणून द्यायचे तर कंपनीत आधी २५ रुपये १७ पैसे गेले आणि उरलेल्यावर व्यक्तीने पुन्हा ३१.२ टक्के दिले. हातात राहिले सुमारे साडेएक्कावन्न. एकाच रुपयाला दोन नाक्यांवर जकात. हे नेहमीच असे नव्हते. १९२२ च्या आयकर कायद्यात कंपनीने भरलेला आयकर भागधारकाच्या वतीनेच भरला असे समजून त्याचे श्रेय त्याला मिळत असे. १९५९ च्या वित्त कायद्याने ती पद्धत गेली. १९९७ पासून कंपनीनेच लाभांश वितरण कर भरावा आणि भागधारकाला लाभांश मोकळा मिळावा, अशी व्यवस्था होती. १ एप्रिल २०२० पासून तीही गेली आणि लाभांश पुन्हा भागधारकाच्या उत्पन्नात आला. ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांना हा बदल लाभाचा झाला, वरच्या टप्प्यातल्यांना जड गेला. हेही मान्य केले पाहिजे की लाभांश वाटलाच नाही, नफा कंपनीतच ठेवला, तर दुसरा नाका पुढे ढकलता येतो. म्हणूनच आपल्या भागातल्या खाजगी कंपन्या लाभांश जाहीर करताना क्वचितच दिसतात.

गंमत अशी की मालकाच्या भांडवलावरचे व्याज खर्च म्हणून मान्य करणे आपल्या कायद्याला अगदीच अपरिचित नाही. लातूरच्या आडत बाजारातल्या बहुतेक पेढ्या भागीदारीच्या. भागीदारी पत्रात तरतूद असेल तर भागीदाराच्या स्वतःच्या भांडवलावर बारा टक्क्यांपर्यंतचे व्याज पेढीच्या उत्पन्नातून वजा होते आणि भागीदाराच्या हातात करपात्र ठरते. १९९३-९४ च्या कर आकारणी वर्षापासून ही मुभा मिळाली. तेव्हा मर्यादा अठरा टक्के होती, २००२ साली ती बारावर आली. पेढीने कर भरल्यानंतर उरलेला नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. म्हणजे पेढीत दुहेरी कर नाही, आणि मालकाच्या पैशालाही किंमत असते हे कायद्याने कबूल केलेले आहे. तोच कुटुंबकबिला मुनिमाची वही मिटून खाजगी कंपनीत शिरला, की त्याच पैशाची किंमत नाहीशी होते. ती परत मिळवण्याचा घरगुती मार्ग म्हणजे पैसा ‘कर्ज’ म्हणून लिहिणे. यात बेकायदेशीर काही नाही. संचालक आणि त्यांचे नातेवाईक खाजगी कंपनीला कर्ज देऊ शकतात. पैसा दुसरीकडून उसना आणलेला नाही असे लेखी द्यावे लागते. व्याजाचा दर बाजारापेक्षा अवास्तव असेल, तर जादा रक्कम आयकर अधिकारी नामंजूर करू शकतो.

देणे कुठे संपते आणि वाटप कुठे सुरू होते, ही रेषा आपल्या उसाच्या पट्ट्यात तर फार महागात पडली. सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी हाच सभासद, म्हणजे मालकही तोच. केंद्राने ठरवलेल्या किमान वैधानिक किमतीपेक्षा जास्त दर कारखान्यांनी सभासदांना दिला, तेव्हा आयकर खात्याचे म्हणणे पडले की वरचा पैसा हा उसाची किंमत नसून मालकांना दिलेला नफ्याचा हिस्सा आहे. तो खर्चात धरता येणार नाही. शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम एकच, पण नाव ‘दर’ की ‘नफा’ यावर कोट्यवधींचा कर अवलंबून. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सांगितले की सगळी जादा रक्कम नफ्याचे वाटप मानता येणार नाही. त्यात नफ्याचा जो अंश असेल तेवढाच वगळावा आणि तो हिशेब करून ठरवावा. दरम्यान, २०१६-१७ च्या आकारणी वर्षापासून सरकारने ठरवलेल्या वा मंजूर केलेल्या दरापर्यंतची किंमत खर्च म्हणून मान्य करणारी दुरुस्ती झाली होती, आणि त्याआधीच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. त्यातून सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. मालकाला दिलेल्या पैशाचे नाव काय, या प्रश्नाची किंमत किती असू शकते, ते एवढ्यावरून कळावे.

कराच्या बचतीवर एवढे लिहिल्यावर तिची दुसरी बाजू सविस्तर पाहिली पाहिजे. कारण बँकेत बसून मला तीच अधिक दिसली.

बऱ्या वर्षीचे साठ लाख वाईट वर्षी पंधरा लाख होतात, असे धरू. सगळे भांडवल स्वतःचे असेल तर पावणेचार लाख कर भरून मिल सव्वाअकरा लाख शिल्लक टाकते. लाभांश नाही, पण चूल पेटती. दोन कोटी कर्ज असेल तर वीस लाख व्याजापुढे पंधरा लाखांचा नफा पुरत नाही. पाच लाखांचा तोटा, आणि मुदत कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता वेगळाच. मुद्दलाला कोणतीही वजावट नसते, हे अनेकजण विसरतात. लाभांश एक वर्ष चुकवला तर फार तर घरात कुरबुर होते. व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले तर खाते अनुत्पादक ठरते.

आता खुद्द वजावटीचे काय होते ते बघा. नफाच नसेल तर व्याज वजा करून वाचवायचा कर कोणता? तोटा पुढे ओढता येतो, पण धंद्याचा तोटा आठ वर्षेच. खाजगी कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी बदलली तर बहुतेक प्रसंगी तोही हक्क जातो. म्हणजे बुडत्या मिलला हात देण्यासाठी नवा मोठा भागीदार आणावा, तर जुना तोटा हातचा जाण्याची भीती. शिवाय बँकेचे व्याज प्रत्यक्ष भरले तरच वजा मिळते. थकलेले व्याज बँकेने नव्या कर्जात रूपांतरित केले, तर ते भरले असे कायदा समजत नाही. सवलत चांगल्या दिवसांत पूर्ण मिळते आणि अडचणीच्या दिवसांत हातातून निसटते. व्याजाचा बोजा मात्र दोन्ही ऋतूंत तसाच राहतो.

तुरीने हे एकदा चांगलेच दाखवून दिले. २०१५ च्या अखेरीस लातूरच्या बाजारात तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात भरघोस पीक आले आणि २०१७ च्या सुरुवातीला भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरला. एखाद्या मिलने दहा हजारांच्या भावाने हजार क्विंटल तूर भरली असेल, तर माल एक कोटीचा. पंचवीस टक्के मार्जिन सोडून बँक पंचाहत्तर लाखांपर्यंत उचल देते. कॅश क्रेडिटमधली ही उचलमर्यादा दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते आणि बाजारभाव पडला की तीही पडते. भाव पाच हजारांवर आला, माल पन्नास लाखांचा झाला, उचलमर्यादा साडेसदतीस लाखांवर आली. देणे पंचाहत्तर लाख तसेच. उरलेले साडेसदतीस लाख तातडीने आणावेत, नाही तर खाते अनियमित. ज्याची तूर स्वतःच्या भांडवलावर भरलेली होती, त्याचाही तोटा तेवढाच. पण तो थांबू शकत होता. कर्जावर तूर भरणाऱ्याला पडत्या बाजारातच माल विकावा लागला. कर विवरणपत्रात हा फरक कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

जगात या कलावर दोन प्रकारचे उपाय झाले आहेत. एक, मालकाच्या भांडवलावरही मानीव व्याजाची वजावट देणे. ब्राझीलमध्ये १९९६ पासून कंपन्यांना स्वतःच्या भांडवलावरील व्याज म्हणून भागधारकांना दिलेली रक्कम, ठरावीक मर्यादेत, खर्चात धरता येते. बेल्जियमने २००६ साली अशी वजावट सुरू केली. तिजोरीला ती जड गेली, बड्या समूहांनी तिचा उपयोग करखेळासाठी केला, आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. दुसरा उपाय, व्याजाच्या वजावटीवरच टोपी घालणे. आपल्याकडे २०१७ साली अशी टोपी आली, पण ती परदेशी सहयोगी कंपनीला दिल्या जाणाऱ्या, एक कोटीहून अधिक व्याजापुरती. लातूरच्या मिलला तिचा स्पर्शही होत नाही. पहिल्या उपायात महसूल बुडतो, दुसऱ्यात आधीच कर्जात असलेला उद्योजक वाईट वर्षी आणखी कर भरतो. माझा स्वतःचा कौल पहिल्याकडे आहे, पण फक्त नव्याने घातलेल्या भांडवलापुरता आणि लहान उद्योगांपुरता; भागीदारी पेढीला जे बारा टक्के मिळतात, ते लहान खाजगी कंपनीला नाकारण्याचे पटेल असे कारण मला आजवर सापडलेले नाही.

तोवर ताळेबंदातली ती ओळ तशीच राहणार. म्हणून ‘संचालक व नातेवाइकांकडून बिनतारणी कर्जे’ यात नेमके कोणाचे पैसे असतात, तिकडे वळतो. आपल्या घरांत ते पुष्कळदा स्त्रियांचे असतात. पती गेल्यानंतर हाती आलेली विम्याची रक्कम, माहेरच्या वाटणीचे पैसे, निवृत्तीची पुंजी. पुतण्या म्हणतो, ‘काकी, बँकेत सात टक्के मिळतात, कंपनीत बारा देतो, आणि हे कर्ज आहे, शेअर नाहीत, हवे तेव्हा परत.’ कंपनीला व्याजाची वजावट मिळते, काकींना जादा व्याज मिळते, दोघेही समाधानी. पुतण्याच्या बोलण्यात खोटे काही नसते. फक्त एक कागद पुढे येतो तेव्हा तो बहुधा घाईत असतो.

तो कागद म्हणजे बँकेसाठीचे हमीवजा पत्र. कॅश क्रेडिट वा मुदत कर्ज मंजूर करताना बँक पाहते की एकूण बाहेरची देणी मालकांच्या निव्वळ मालमत्तेच्या किती पट आहेत. भागभांडवल एक लाख असेल तर हे गुणोत्तर हास्यास्पद येते. म्हणून घरच्यांची बिनतारणी कर्जे भांडवलासारखीच धरली जातात; अट एवढीच, की बँकेचे कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम काढून घेणार नाही आणि बँकेच्या देण्यानंतरच आमचा हक्क, असे प्रत्येक नातेवाइकाने लिहून द्यावे. बँकेच्या दृष्टीने ही अट रास्तच आहे. पण त्या सहीनंतर काकींचे पैसे हवे तेव्हा परत मिळणारे कर्ज राहत नाहीत. आयकर खात्यासाठी ते कर्ज असतात, बँकेसाठी भांडवल. मिल भरभराटीला आली तर वाढलेल्या किमतीत काकींचा वाटा नाही, कारण त्या भागधारक नाहीत. मिल बसली तर त्या बँकेच्या मागे रांगेत. प्रकरण दिवाळखोरी संहितेखाली गेले तर भागधारकांच्या आधी नंबर लागतो खरा, पण संचालकाच्या नातेवाईक म्हणून त्या संबंधित पक्ष ठरतात आणि धनकोंच्या समितीत त्यांना मत नसते.

अशा ठिकाणी पैसे असलेल्या भगिनींनी कंपनीचा ताळेबंद मागावा. नाते दुखावेल अशी भीती वाटत असेल तर चार्टर्ड अकाउंटंटमार्फत मागावा. त्यात व्याज व करापूर्वीचा नफा व्याजाच्या किती पट आहे ते पाहावे. वरच्या उदाहरणात बऱ्या वर्षी तो तिप्पट होता, वाईट वर्षी पाऊणपट. दीडपटीच्या खाली तो दोन वर्षे सलग राहिला, तर बारा टक्के व्याज नफ्यातून येत नसून दुसऱ्या कोणाच्या तरी नव्या ठेवीतून येत असण्याची शक्यता मोठी. दुसरे, आपण बँकेला कोणते पत्र लिहून दिले आहे त्याची प्रत घ्यावी. ती शाखेतल्या कर्जाच्या फाइलमध्ये असते. तिसरे, कंपनी खरोखर वाढत असेल, तर निम्म्या रकमेचे भागांत रूपांतर मागण्यास हरकत नाही. मात्र तसा पर्याय कर्ज देतानाच विशेष ठरावाने मंजूर करून घेतलेला असला, तर पुढे काम सोपे जाते. कंपनीची कराची बचत त्या निम्म्यापुरती कमी होईल, आणि पुतण्या ते बोलूनही दाखवील. दहा लाखांवर बारा टक्के व्याज म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार. त्यावर कंपनीचा वाचणारा कर सुमारे तीस हजार. या तीस हजारांसाठी घरातल्या माणसाने मालकीचा हक्क न मिळवता मालकाएवढी जोखीम घ्यावी का, हा सवाल मग बैठकीत चहा पिता पिता मांडता येतो, आणि तो मिल चांगली चालू असतानाच मांडलेला बरा, कारण नंतर ताळेबंद मागितला तरी तो वेळेवर मिळत नाही.